दोन कंपन्यांवर उभी शेड

बँकेच्या मॅडम आमच्या शेडवर येणार म्हणून माझ्या नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कामगारांकडून भुसा झाडून घेतला होता. लाकडाच्या कारखान्यात भुसा नसेल तर बघणाऱ्याला काम बंद आहे असं वाटेल, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. बँकेचं माणूस म्हणजे मुलगी बघायला आलेला पाहुणा, अशी त्याची समजूत होती.

आमचं काम पॅलेटचं. पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांची चौकट. तिच्यावर यंत्र ठेवतात आणि फोर्कलिफ्ट ते खालून उचलते. भरे गावाच्या कडेला आमची पत्र्याची शेड, दोन करवती, खिळे मारायची मशीन आणि बाहेर पाइनच्या फळ्यांचे ढीग. माल जायचा दोन कंपन्यांना. एक पंपांची, ती मोठी. दुसरी गिअरची. मधूनच एखादा टेम्पोवाला किंवा छोटा कारखानदार पॅलेट मागायला यायचा, तेवढंच काय ते किरकोळ.

कर्ज हवं होतं भट्टीसाठी. परदेशी जाणाऱ्या मालाखालचं लाकूड तापवून घ्यावं लागतं, म्हणजे आतली कीड मरते. मग त्यावर शिक्का बसतो. शिक्का नसेल तर तिकडच्या बंदरात मालच अडवतात. आम्ही फळ्या चाकणला दुसऱ्याच्या भट्टीत तापवून आणायचो. पंपांच्या कंपनीनं कळवलं होतं की दिवाळीनंतर निर्यातीची पॅलेट ज्याची स्वतःची भट्टी असेल त्याच्याकडूनच घेणार. निर्यात गेली असती तर पंपवाल्यांचं निम्म्याहून जास्त काम गेलं असतं. म्हणून भट्टी, म्हणून कर्ज, आणि म्हणून तो शर्ट.

मॅडम तरुण होत्या, पिरंगुटच्या शाखेत नव्यानं आलेल्या. चपलांत भुसा गेला तरी त्यांनी तक्रार केली नाही, त्यामुळे मला त्या आधी आवडल्या. शेड फिरून झाल्यावर आमच्या छोट्या ऑफिसात बसल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या विक्रीत सगळ्यात मोठी दोन गिऱ्हाईकं किती टक्के?"

नवऱ्याचा चेहरा खुलला. ह्याच प्रश्नाची तो वाट बघत होता. "मॅडम, पंच्याऐंशी टक्के तर सहज. दोनीबी पार्ट्या एक नंबर. आजवर एक चेक परत आला न्हाई. किरकोळ गिऱ्हाइकाची कटकटच न्हाई आमच्याकडं."

मॅडमनी लिहून घेतलं आणि आकड्याखाली रेघ मारली. त्या रेघेचा अर्थ मला कळला नाही. स्वयंपाक चाखून पाहुणा गप्प झाला की बाईला जे होतं तेच मला झालं.

ही दोनच गिऱ्हाईकं आमच्याकडं कशी आली, ते सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांची पौडच्या बाजारात लाकडाची वखार होती. घरं, गोठे, सेंट्रिंगच्या फळ्या, भाजीची खोकी, सगळं तिथून जायचं. पुढं कंपन्या आल्या तशी पॅलेट सुरू झाली. अब्बांनी हयात असतानाच दोन मुलांत वाटणी केली आणि ती जागेची केली तशीच गिऱ्हाइकांचीही केली. वखार आणि बाजारातलं सगळं किरकोळ गिऱ्हाईक धाकट्याला. भरे गावातली जागा आणि दोन कंपन्या थोरल्याला, म्हणजे आम्हाला. आणि दोघांकडून शब्द घेतला की एकानं दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. आमच्या लोकांत असा शब्द कागदापेक्षा पक्का. नंतर कुणी गोठ्याच्या फळ्या मागायला आमच्या दारात आलं तरी नवरा त्याला पौडला धाडायचा. माझ्या दिराला फोन करून सांगायचासुद्धा, "माणूस येतोय, बघ." वाटणीच्या दिवशी जाऊ रडली होती. मोठी गिऱ्हाईकं आम्हाला मिळाली म्हणून. मी तिची समजूत काढली होती आणि मनात खूश होते.

मॅडम पुढं विचारत गेल्या. कंपनीची ऑर्डर किती महिन्यांची असते? नवरा म्हणाला, भाव वर्षभराचा ठरलेला असतो, नग दर महिन्याच्या मेलवर येतात. अमुक इतके नग घेऊच, असं कुठं लिहिलेलं आहे? नाही. तुमच्याशिवाय त्यांना कोण पॅलेट देतं? आणखी दोघं. मग त्यांनी आमच्या सीसी खात्याचा, म्हणजे धंद्यासाठी बँक ठरावीक मर्यादेपर्यंत उचल देते त्या खात्याचा, उतारा काढला आणि मे महिन्यावर बोट ठेवलं. "इथं तुमचं सीसी खातं मर्यादेला टेकलंय. पगारसुद्धा उशिरा गेलेत. काय झालं होतं?"

"पंपवाल्यांचं वर्षाचं मेंटेनन्स होतं," मी म्हणाले. "त्यांनी प्लांट बंद ठेवला होता."

"एका गिऱ्हाइकानं थोडे दिवस सुट्टी घेतली, तर तुमचे पगार थांबले," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. मला मात्र लागलं. त्या महिन्यात मी माझ्या बांगड्या ठेवून दोघांचे पगार केले होते, ते त्या उताऱ्यात दिसत नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मला मानावं लागेल की नीट सांगितलं. भट्टीचं कर्ज सहा वर्षांचं. हप्ता दर महिन्याला. कंपनीची खात्री मात्र पुढच्या मेलपुरती. बँक कर्ज देताना मोठं गिऱ्हाईक खोडून बघते: हे गेलं तर उरलेल्या धंद्यातून खर्च जाऊन हप्ता निघतो का? पंपवाले खोडले तर आमचा हप्ता कसाबसा निघत होता, गिअरवाल्यांच्या जिवावर. "दोन्ही कंपन्या वेगळ्या धंद्यातल्या आहेत, ही जमेची बाजू," त्या म्हणाल्या. "एकीची मंदी दुसरीला लागेलच असं नाही. तेवढ्यावर मी वर मांडून बघते."

मला हायसं वाटलं. नवऱ्यालाही वाटलं असणार, कारण तो सैल सुटला. चहा ओतता ओतता म्हणाला, "आणि आता तर आमचं काम लई सोपं झालंय मॅडम. आदी दोन कंपन्यांच्या दोन चकरा व्हायच्या बिलासाठी. आता दोनीची बिलं एकाच हापिसात जात्यात, बाणेरला. एक चक्कर वाचली बगा."

मॅडमनी कप खाली ठेवला. "एकाच ऑफिसात कशी?"

"त्यो पंपवाल्यांचा मोठा मालक हाय ना, त्यानं गिअरची कंपनी घेतली की उन्हाळ्यात. परचेस आता एकच हाय."

ही बातमी आम्हाला मेलनं आली होती. मीच वाचून दाखवली होती आणि आम्ही दोघांनी मिळून आनंद मानला होता. पेट्रोल वाचेल, एकाच साहेबाला सांभाळायचं, दिवाळीला मिठाईचा एकच मोठा डबा. आमच्या दोन पायांचा एक पाय झालाय, हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मॅडमनी वहीत आधी लिहिलेलं खोडलं आणि म्हणाल्या, "मग ही दोन गिऱ्हाईकं नाहीत. बँकेच्या दृष्टीनं हे एकच गिऱ्हाईक आहे, पंच्याऐंशी टक्क्यांचं."

त्या गेल्यावर नवरा मला म्हणाला, "मी काय वाईट सांगितलं का?" मी कप उचलले. खरं बोलला होता, आणि ते लपवलं असतं तर ती फसवणूक झाली असती. तरी त्या क्षणी त्याच्या तोंडात चहाऐवजी काहीतरी कोंबावं असं मला वाटलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायची. बँकेचा असला तरी आणि कंपनीचा असला तरी. करवतीचा आवाज थांबला की मी ऑफिसातून बाहेर येऊन बघायची, काम संपलं की नुसतं पातं बदलताहेत. पिरंगुटला गणपतीचे मांडव पडायला लागले तेव्हा दिवाळी आता किती लांब, एवढंच माझ्या डोक्यात यायचं. जेवताना एकच विषय निघायचा आणि तो निघाला की नवऱ्याचा घास तसाच राहायचा.

शेवटी मॅडमनीच बोलावलं. त्यांच्या वरच्या ऑफिसनं प्रकरण परत पाठवलं होतं. एकट्या गिऱ्हाइकावर एवढा भार असेल तर सहा वर्षांचं कर्ज देता येणार नाही. नवरा लगेच म्हणाला, "आमचं राहतं घर घ्या ना गहाण."

"घर आहे म्हणून कर्ज द्यायचं नसतं," मॅडम म्हणाल्या. "घर विकून पैसे वसूल करायची वेळ आली, म्हणजे कर्ज देताना आमचंच चुकलं. हप्ता धंद्यातून निघायला हवा." मग त्यांनी वाट दाखवली. कंपनीकडून किमान नगांचं दोनतीन वर्षांचं पत्र आणा. नाहीतर बाकीच्या गिऱ्हाइकांची विक्री एक तृतीयांशाच्या वर न्या, मग पुन्हा मांडू.

पत्रासाठी आम्ही बाणेरला गेलो. परचेसचे साहेब आमच्याशी नेहमी गोड बोलायचे, तसेच बोलले. किमान नगांचं पत्र कंपनी कुणालाच देत नाही, म्हणाले. भट्टी कधी बसतेय ते मात्र त्यांनी दोनदा विचारलं. जिन्यात आल्यावर मला इतका राग आला की मी नवऱ्याच्या पुढं तरातरा चालत गाडीपर्यंत गेले. भट्टी बसवा म्हणून तगादा लावणारेच, माल घेऊच असं लिहून द्यायला तयार नव्हते. आणि बँक नेमकं तेच बघत होती.

मग उरला दीर. त्याच्याकडं जायचा विचार माझा. नवऱ्याला ते मान्य नव्हतं. अब्बांचा शब्द, दुसरं काय. पण दोन्ही फर्म एक केल्या तर वखारीची सगळी गिऱ्हाईकं आमच्या विक्रीत धरली जातील, कंपनीचा वाटा आपोआप खाली येईल आणि भट्टी मिळेल, हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला होता. शुक्रवारी नमाज झाल्यावर दीर वखारीत निवांत असतो. मी एकटीच पौडला गेले.

दिरानं माझ्यासाठी गादी झटकली. "बसा भाभी. भाई न्हाई आले?"

मी सगळं सांगितलं. बाहेर एक बाई खुंट्यांसाठी बांबू निवडत होती, तिला त्यानं हात करून थांबवलं. मग म्हणाला, "भाभी, कंपनीनं ह्या वर्षात आर्डर कमी केली हाय का कदी?"

"एकदा केली. मेमध्ये."

"आनि आता दोनीचा मालक एकच?"

"हो."

"मंग मला सांगा, उद्या त्यानं हात वर केले, तर तुमचं कर्ज कुनाच्या गल्ल्यातनं फिटनार? माज्याच ना?" त्यानं आवाज चढवला नाही. "हितं एका बिल्डरला मी ठरल्या रकमेच्या वर उधार देत न्हाई. त्यो कितीबी मोटा असू द्या. अब्बांनीच शिकवलंय. तुमी मला सांगताय, माजी सगळी वखार एकाच मानसाच्या उधारीला बांदायची. भाईसाठी जीव दीन मी. पन हे न्हाई."

बँकेनं जे म्हटलं तेच हा माणूस मांडीवर उशी घेऊन म्हणत होता, आणि बँकेवर चिडता येत होतं तसं ह्याच्यावर येत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं बघितलं आणि त्याला अवघडल्यासारखं झालं. तो उठून त्या बाईचे बांबू बांधायला गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "एक करा. अब्बांचा त्यो शब्द आपन सोडू. चांदे-नांद्याकडं टावर होत्यात, कासारसाईकडं फार्महाऊस. माज्या टेम्पोला तितवर परवडत न्हाई. तुमी घ्या ती गिऱ्हाईकं. माज्या बाजारातलं कोन तुमच्या दारात आलं तरी मी आडवा येनार न्हाई."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. भावानं नाही म्हटलं ह्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. शब्द सुटला ह्याचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीवर मागं बसवलं आणि चांद्याला नेलं.

किरकोळ गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते हे तेव्हा कळलं. टॉवरवाल्याचा सुपरवायझर फळी फळी मोजून घ्यायचा आणि पैसे मात्र पुढच्या सोमवारी. नर्सरीवाल्याला रोपांची खोकी हवीत, पण त्याच्याच मापाची. सामान हलवणाऱ्या एका पोऱ्याला टीव्हीसाठी खोकं हवं होतं आणि ते त्याच दिवशी. एका फार्महाऊसच्या मालकिणीनं कुंपण दोनदा उतरवून पुन्हा लावायला सांगितलं. नवरा ज्या माणसांना आयुष्यभर पौडची वाट दाखवत आला, त्यांच्या दारात आता तो स्वतः उभा राहायचा आणि मला ते बघून वाईट वाटायचं. तरी थोडं थोडं जमत होतं. मी दर महिन्याला टक्के काढायची. कंपनीचा वाटा पंच्याऐंशीवरून ऐंशीवर आला, मग थोडा खाली. तृतीयांश अजून फार लांब होता आणि दिवाळी जवळ येत होती. भट्टीवाचून दिवाळी गेली तेव्हा कंपनीनं काहीच कळवलं नाही आणि आम्ही त्यात आशा धरली.

मेल नव्या वर्षाच्या सुरुवातीला आली. आमच्या निर्यातीच्या पॅलेटबद्दल असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. बाणेरच्या ऑफिसनं दोन्ही कंपन्यांची सगळी पॅलेट वर्षभरासाठी बाहेरच्या एका मोठ्या पुरवठादाराला दिली होती. आमच्याबरोबर पॅलेट देणारे बाकीचे दोघंही गेले, स्वतःची भट्टी असूनसुद्धा. पंप आणि गिअर, दोन्हींचे पुढच्या महिन्याचे नग एकाच तक्त्यात होते आणि दोन्हींसमोर शून्य होतं. नवरा तो तक्ता मोबाइलवर बोटानं मोठा करून बघत राहिला, जणू बारीक अक्षरात आणखी काही असेल.

भट्टीचं कर्ज झालं असतं तर त्या महिन्यापासून आम्ही हप्ता कुठून भरला असता, हे माझ्या लगेच लक्षात आलं. त्यानं समाधान झालं नाही. निम्म्या कामगारांना जायला सांगावं लागलं. त्यातले दोघं बिहारचे, शेडच्या मागच्या खोलीत राहायचे. जाताना ते भाभी भाभी करत माझ्या पाया पडले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक करवत आम्ही विकली. पाइनच्या फळ्यांचा ढीग पडून राहिला, कारण टॉवरवाल्यांना पाइन लागत नाही.

सीसीच्या नूतनीकरणाला मॅडम पुन्हा शेडवर आल्या. ह्या वेळी नवऱ्यानं भुसा झाडला नव्हता. शर्टही कामाचाच होता. मॅडमनी गिऱ्हाइकांची यादी मागितली. मी ती दिली: नर्सरी, टॉवर, सामान हलवणारे, फार्महाऊस आणि पौडच्या बाजारातलीही काही नावं. त्यांनी येणी बघितली, नव्वद दिवसांच्या वरची वेगळी काढली. त्या येण्यांवर बँक उचल देत नाही. मग पहिल्या दोन गिऱ्हाइकांची बेरीज केली.

"तीस टक्के," त्या म्हणाल्या. "हे आता चांगलं आहे. विक्री तिसऱ्या हिश्श्यावर आली, त्यामुळे मर्यादा कमी करावी लागेल. पण कुणी एक गेलं तरी तुमचं खातं चालू राहील."

जे एक वर्षापूर्वी आम्ही कुणाकुणाच्या दारात जाऊन मागत होतो, ते आता कागदावर आपोआप आलं होतं. वाटा खाली आला होता, कारण वाटा असलेलेच निघून गेले होते. मला हसावं की रडावं कळेना. मॅडमचा मला राग आला, आणि त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

नवरा दाराशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "मॅडम, मग आता भट्टीचं कर्ज व्हईल का?"

मॅडमनी यादीवरून मान वर केली. त्यांचा आवाज फार हळू होता. "दादा, आता भट्टी कुणासाठी?"

नवरा हो हो म्हणाला, बरोबर हाय म्हणाला, आणि उरलेला स्टॉक दाखवायला त्यांना मागच्या बाजूला पाइनच्या ढिगाकडं घेऊन गेला.